पॅकेजचा कच्चा कट पाहिला

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा कच्चा कट पाहिला. ग्रंथालयाची अभ्यासिका आठऐवजी सहालाच बंद होते हा विषय चांगला आहे, पण साडेतीन मिनिटं फार झाली. दोन मिनिटांत बसव. एडिटिंग टेबलावर मी रोज हेच करते, म्हणून सरळ सांगते.

तू आधी व्हीओ, म्हणजे तुझं निवेदन, लिहिलास आणि मग त्यात मुलाखतींतले बाईट कोंबलेस. उलट कर. सगळे बाईट ऐकून त्यातली कामाची वाक्यं टाइमकोडसकट वहीत उतरव. माहिती तू सांगू शकतेस, म्हणून ती बाईटमध्ये नको. त्या माणसानेच सांगायला हवं तेवढंच ठेव: अनुभव, मत, किंवा निर्णयाची जबाबदारी. तुझी ती मैत्रीण म्हणते, "सहाला प्रॅक्टिकल संपतं आणि सहालाच इथे कुलूप लागतं." चार सेकंदांत अख्खी बातमी आली. तिच्या बाकीच्या बोलण्याला कात्री लाव.

बाईट ठरले की त्यांच्यामधलं अंतर भरण्यापुरता व्हीओ लिही. बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द जातात, तेव्हा पंधरा सेकंदांसाठी तीस शब्द. आत्ता तू म्हणतेस, "ग्रंथपालांनी सांगितलं की कर्मचारी कमी आहेत," आणि लगेच ग्रंथपाल म्हणतात, "कर्मचारी कमी आहेत." त्याऐवजी व्हीओ "दोन तास कमी करण्याचं कारण कार्यालयात सापडतं" इथे थांबव. कारण त्यांच्या तोंडून येऊ दे.

सुरुवातीचा, तू कॅमेऱ्याकडे बघून बोलतेस तो चाळीस सेकंदांचा पीटीसी काढ. कर्मचारी दिवे मालवतो आणि जाळीचं दार ओढतो तो शॉट तुझ्याकडे आहे, त्यावर उघड. दाराचा खडखडाट चार सेकंद मोकळा ऐकू दे, मग व्हीओ. पीटीसी मध्ये ठेव, जिथे दाखवायला चित्रच नाही तिथे. वेळ कमी करायचं ठरलं त्या बैठकीचं फुटेज तुझ्याकडे नाही आणि मिळणारही नाही. तेवढी गोष्ट कार्यालयाच्या दाराशी उभं राहून बारा सेकंदांत सांग. त्यामुळे विद्यार्थ्यांकडून प्रशासनाकडे जाणारा सांधाही जुळतो.

आता खरी अडचण. ग्रंथपालांचं पंचावन्न सेकंदांचं उत्तर तू दोन ठिकाणी कापून जोडलंस. जोडावर त्यांची मान एकदम उजवीकडे उडी मारते. तिथे कटअवे हवा: रिकामी काउंटरची खुर्ची, नोंदवहीवरचा हात, बंद कपाट. कट येण्याआधी अर्धा-पाऊण सेकंद चित्र बदल, आवाज चालू ठेव आणि तीन-चार सेकंदांनी पुन्हा चेहऱ्यावर ये. तुझ्याकडे असे शॉट दोनच आहेत, तेही पॅन करत घेतलेले. पॅन मधे तोडला की डोळ्याला खुपतो. परत जाशील तेव्हा प्रत्येक गोष्ट ट्रायपॉडवर, स्थिर, दहा सेकंद, आणि वाइड, मिड, क्लोज अशा तिन्ही साइजमध्ये घे. भिंतीवरच्या घड्याळाचा शॉट टाळ. त्यात पावणेपाच वाजलेत आणि व्हीओत तू "सहा वाजले" म्हणतेस. परीक्षक नेमकं तेच बघतील. शूट संपल्यावर त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड कर. जोडावर पार्श्वभूमीचा आवाज तुटतो, तिथे ती खाली पसरता येते.

कटअवे जोड लपवतो, म्हणूनच तिथे जपून. न कापलेल्या मूळ रशेसमध्ये ग्रंथपाल म्हणालेत, "नवीन माणसाला मंजुरी मिळाली तर पुढच्या महिन्यापासून वेळ पूर्ववत करू." तुझ्या कटमध्ये उरलंय, "पुढच्या महिन्यापासून वेळ पूर्ववत करू." अट गेली आणि त्यांच्या तोंडी आश्वासन आलं. वर खुर्चीचा शॉट टाकला की प्रेक्षकाला काही कळणारही नाही. बाईट पाच सेकंदांनी लांबला तरी चालेल, तो "तर" परत आण. प्रत्येक जोड चित्राशिवाय, डोळे मिटून ऐक आणि मूळ उत्तराशी ताडून बघ. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी आधी हेच करायला लावते.

त्यांच्यानंतर पाच सेकंदांत मंजुरी सध्या कुणाकडे अडली आहे ते व्हीओत सांग आणि स्वतःचं नाव सांगून साइन ऑफ कर. विद्यार्थ्यांच्या आशा-अपेक्षांवरचा तुझा शेवटचा परिच्छेद कशासाठी आहे, मला कळलं नाही.

एक राहिलं: नावाच्या पट्टीत, ॲस्टनमध्ये, ग्रंथपालांचं पद चुकलंय, त्यांनाच विचारून घे. आणि पुन्हा कापायला बसण्याआधी नुसती स्क्रिप्ट पाठव, डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज अशी दोन रकान्यांत. रविवारी मला सुट्टी आहे, फोनवर बघू.

तुझी,
आई