मुदत मोजणारे घड्याळ नागरिकाचे असावे

मा. संपादक,
स. न.

शासकीय कार्यालयांत प्रत्येक सेवेसाठी निश्चित कालमर्यादा ठरवून देणे आणि त्या मर्यादेत किती प्रकरणे निकाली निघाली याची टक्केवारी जाहीर करणे, ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. ती आवश्यकच आहे. परंतु कार्यालयीन कामकाजाच्या तपासणीशी अनेक वर्षे संबंध आलेली व्यक्ती म्हणून मला असे दिसते, की या टक्केवारीत जे घड्याळ वापरले जाते ते कार्यालयाचे असते, नागरिकाचे नसते. आणि दोन्ही घड्याळांतील अंतर कोणी मोजत नसल्यामुळे कागदावरची सेवा आणि खिडकीपाशी अनुभवास येणारी सेवा यांचा मेळ बसत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये लागू झाला. त्यानुसार अर्जदाराला अर्जाचा क्रमांक व कालमर्यादा नमूद केलेली पोच मिळते, मुदत टळल्यास किंवा अर्ज नाकारल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करता येते आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. ही रचना भक्कम आहे. मात्र कालमर्यादा मोजली जाते ती सर्व बाबतींत परिपूर्ण असलेला अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून. तरतूद म्हणून हे रास्तच आहे, कारण कागदपत्रेच नसतील तर अधिकाऱ्याने निर्णय कशाच्या आधारे घ्यावा? अडचण अशी, की अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे कोणी, केव्हा आणि किती वेळा ठरवायचे यावर प्रत्यक्षात पुरेसा अंकुश राहत नाही, आणि विलंब नेमका तेथेच दडून बसतो.

एक उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू. समजा, एका प्रमाणपत्रासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. अर्जदार पहिल्या दिवशी अर्ज देतो, कागदपत्रे स्कॅन होतात, पोच मिळते. त्यानंतर अर्ज लिपिकाच्या यादीत नऊ दिवस पडून राहतो. दहाव्या दिवशी लिपिक तो उघडतो, दहा मिनिटांत तपासतो आणि वरिष्ठांकडे पाठवतो. तेथे पुन्हा तीन दिवस जातात. चौदाव्या दिवशी अर्जदाराच्या मोबाइलवर संदेश येतो, की ओळखपत्रावरील नाव आणि रहिवासाच्या पुराव्यावरील नाव जुळत नसल्याने त्रुटीपूर्तता करावी. तो धावपळ करून सहा दिवसांत प्रतिज्ञापत्र आणून देतो. आता अर्ज ‘परिपूर्ण’ होतो, दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात आणि पुढच्या बाराव्या दिवशी प्रमाणपत्र मिळते. अर्जदाराच्या हिशेबी एकूण बत्तीस दिवस गेले. मासिक अहवालात मात्र हे प्रकरण ‘बारा दिवसांत, मुदतीत निकाली’ असे नोंदले जाते. त्यात कोणी खोटी नोंद केलेली नाही. नियमाला धरूनच मोजदाद झालेली आहे.

या बत्तीस दिवसांत अर्जावर प्रत्यक्ष काम किती झाले? स्कॅनिंगची आठ मिनिटे, लिपिकाच्या पहिल्या तपासणीची दहा, वरिष्ठांची पाच, स्वाक्षरीची दोन आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा जवळपास तेवढीच मिनिटे. सर्व मिळून तासाभराच्या आतलेच काम. उरलेला सारा काळ अर्ज कोणाच्या तरी टेबलावर किंवा संगणकावरील यादीत वाट पाहत होता. कर्मचाऱ्याला भरभर हात चालवायला सांगून हा काळ घटत नाही, कारण हात चालतच नसलेल्या वेळेचा तो प्रश्न आहे.

प्रतीक्षेचा हा काळ कोठून येतो, हे समजण्यासाठी साधा भागाकार पुरतो. एखाद्या कार्यालयात रोज चाळीस अर्ज येतात आणि चाळीसच निकाली निघतात, असे धरू. आवक व जावक समान असल्याने सर्व सुरळीत आहे असे वाटते. पण यादीत आधीचे 480 अर्ज प्रलंबित असतील, तर आज आलेल्या अर्जाचा क्रम लागायला 480 भागिले 40, म्हणजे कामाचे बारा दिवस लागणारच. प्रलंबित संख्या 80 वर आणली, तर त्याच माणसांकडून, त्याच गतीने तोच अर्ज दोन दिवसांत निघेल. अर्थात, हा 400 अर्जांचा साठा एकदा हटवावा लागेल.

तो हटवायला जादा माणसे कोठून आणायची, असा प्रश्न लगेच विचारला जातो. येथे एकात्मिक गुणवत्ता व्यवस्थापनातील मूळ विचार उपयोगी पडतो: दोष शेवटी तपासणीत पकडण्यापेक्षा तो जेथे निर्माण होतो तेथेच रोखावा. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी हे आयुष्यभर मांडले. आपल्या उदाहरणातील रोजच्या चाळीस अर्जांपैकी दहा अर्ज त्रुटीपूर्ततेनंतर परत आलेले असतील, तर खरी नवी मागणी तीसच आहे. उरलेल्या दहा अर्जांचे काम कार्यालयाच्या अर्धवट सूचनांमुळे आणि उशिरा झालेल्या तपासणीमुळे दुसऱ्यांदा करावे लागते. अर्ज स्वीकारतानाच, अर्जदार खिडकीसमोर उभा असताना, कागदपत्रांतील नावे, तारखा आणि स्वाक्षऱ्या ताडून पाहिल्या, तर यातील बरेचसे अर्ज परत येणार नाहीत. सर्व दहा वाचले तर चाळीस कामकाजाच्या दिवसांत 400 अर्जांचा साठा संपेल. पाचच वाचले तर दुप्पट वेळ लागेल, पण साठा हटेल. तपासणीसाठी खिडकीवर प्रत्येकी तीन-चार मिनिटे अधिक लागतील, तेवढा एक अनुभवी कर्मचारी तेथे बसवावा लागेल. बहुतेक कार्यालयांत होते ते उलटे: सर्वांत नवखा माणूस खिडकीवर आणि सर्वांत जाणता माणूस आतल्या खोलीत, जेथे त्याला चूक दिसते पण अर्जदार समोर नसतो.

त्रुटींची कारणेही नोंदवायला हवीत. ‘कागदपत्रे अपूर्ण’ हा शेरा निरुपयोगी आहे. कोणता कागद, त्यात काय कमी होते आणि अर्जाच्या नमुन्यात ती अट अर्जदाराला कळेल अशी लिहिली होती का, या तीन गोष्टी प्रत्येक परत पाठवलेल्या अर्जाबाबत टिपल्या, तर महिन्याभरात स्पष्ट दिसते, की बहुतेक त्रुटी दोन-तीनच ठिकाणी होतात. मग नमुन्यातील एक ओळ बदलून किंवा भिंतीवर भरलेल्या अर्जाची एक प्रत लावून जे साधते, ते शंभर स्मरणपत्रांनी साधत नाही.

आता कार्यालयाची टक्केवारी खरी सेवा दाखवते की नुसती मुदत सांभाळते, हे कसे ओळखावे? मला दोन खुणा भरवशाच्या वाटतात. निकालाला लागलेल्या दिवसांप्रमाणे प्रकरणे मांडून पाहावीत. पंधरा दिवसांची मुदत असलेल्या सेवेत बहुसंख्य प्रकरणे चौदाव्या व पंधराव्या दिवशी निघत असतील, तर काम मुदतीच्या धाकाने चालले आहे आणि मधले दिवस वाया जात आहेत. दुसरी खूण त्रुटीपत्रांच्या तारखांत सापडते. त्रुटी कळायला कागद एकदाच वाचावे लागतात, त्यामुळे ती पहिल्या दोन-तीन दिवसांत कळायला हवी. त्रुटीपत्रे मुदतीच्या अखेरीस दाटीने निघत असतील, तर अर्ज तोवर कोणी उघडलाच नव्हता. अर्ज नाकारून नव्या क्रमांकाने नव्याने करायला लावला असेल, तर ही खूणही पुसली जाते. म्हणून एकाच व्यक्तीचे एकाच सेवेसाठीचे लागोपाठचे अर्ज जोडून पाहणे आवश्यक आहे.

शास्तीबद्दलही लिहिणे भाग आहे. जाणूनबुजून अडवणूक करणाऱ्यावर कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण 480 अर्जांचा साठा वारशाने मिळालेल्या अधिकाऱ्याला दंडाची भीती दाखवल्याने साठा कमी होत नाही. मुदत संपत आलेल्या अर्जांवर किरकोळ त्रुटी काढण्याची सवय मात्र वाढते. भारतीय मानक ब्युरोने 2005 मध्ये सार्वजनिक सेवांसाठी आयएस 15700 हे मानक आणले. शासकीय सेवांचा दर्जा सुधारण्यासाठी आखलेल्या ‘सेवोत्तम’ या चौकटीत नागरिकांची सनद आणि तक्रार निवारण यांच्या बरोबरीने सेवा देण्याची क्षमता हा तिसरा घटक आहे. आपल्याकडे सनदेचे फलक लागले, तक्रारींसाठी पोर्टलही आले. तिसऱ्या घटकाकडे मात्र सर्वांत कमी लक्ष गेले. प्रवेशाच्या हंगामात हाच तिसरा घटक कसोटीला लागतो. रोज पन्नास अर्ज काढू शकणाऱ्या कार्यालयात तीन आठवडे रोज शंभर अर्ज आले, तर कामाच्या पंधरा दिवसांत साडेसातशे अर्ज साचतात आणि हंगाम संपल्यावरही नव्या अर्जांसोबत त्यांचा भार बराच काळ वाहावा लागतो. ही गर्दी दरवर्षी ठरलेल्या वेळी येते, तेव्हा शेजारच्या शाखेतील माणसे महिनाभर आधी तयार करून ठेवणे अशक्य नाही.

सर्वच सेवांना हा हिशेब सारखा लागू होणार नाही, हेही खरे. जेथे प्रत्यक्ष पाहणी करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात किंवा दुसऱ्या विभागाचा अभिप्राय घ्यावा लागतो, तेथे घाईने निर्णय घेतल्यास कोणाच्या तरी हक्कावर गदा येऊ शकते. अशा सेवांसाठी एकच ढोबळ मुदत न ठेवता प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र मुदत लिहावी आणि पोच-पावतीवर ती छापावी, म्हणजे आपला अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबला आहे हे अर्जदाराला विचारत फिरावे लागणार नाही.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. त्रुटी असल्यास ती तीन कामकाजाच्या दिवसांत, सर्व मुद्दे एकत्र नमूद करून, एकदाच कळवावी; त्यानंतर काढलेल्या त्रुटीमुळे घड्याळ थांबू नये. पहिल्या भेटीपासून कागद हाती पडेपर्यंतचे एकूण दिवस प्रत्येक सेवेसाठी मोजले जावेत आणि ते सरासरीत न लपवता, दर शंभरातल्या नव्वद अर्जदारांना किती दिवसांत सेवा मिळाली व उरलेल्या दहांना किती काळ थांबावे लागले, अशा रीतीने जाहीर व्हावेत. यासोबत दरमहा प्रलंबित अर्जांची संख्या आणि पहिल्याच वेळी परिपूर्ण ठरलेल्या अर्जांचे प्रमाण फलकावर लिहावे. पोच देणाऱ्या संगणक प्रणालीत या तारखांची नोंद होतेच, त्यामुळे नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. आपल्या वार्ताहरांनी पुढील वेळी कोणत्याही विभागाची ‘मुदतीत निकाली’ टक्केवारी छापताना हे आकडेही मागून घ्यावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक