कलमाच्या आकड्याबरोबर तारीखही हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीच्या तरतुदीवर आपल्या पत्रव्यवहाराच्या पानात दोन वाचकांचा वाद झाला. एकाने कलमाचा जुना मजकूर दिला होता, दुसऱ्याने नवा. खाली दोघांनीही लिहिले होते ते एवढेच: 'माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, कलम ८(१)(ञ)'. संदर्भ एक आणि मजकूर दोन, त्यामुळे दोघेही एकमेकांना खोटे पाडत राहिले. मी प्रशासकीय कायदा शिकवतो आणि पदव्युत्तर प्रबंध तपासतो. हीच चूक मला शोधनिबंधांत इतक्या वेळा दिसते की या निमित्ताने लिहावेसे वाटले.

आधी मजकुराचे बघू. २००५ पासून या खंडात तीन गोष्टी होत्या. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने कोणाच्या खासगीपणावर अकारण आक्रमण होईल, ती द्यायला नको. मात्र व्यापक सार्वजनिक हित असल्याची माहिती अधिकाऱ्याची किंवा अपिलीय प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तर द्यायची. आणि शेवटी परंतुक होते, की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ४४(३) ने हा सगळा खंड काढून त्या जागी फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढाच आशय ठेवला.

माझ्या एका विद्यार्थिनीने २०२४ मध्ये या विषयावर निबंध लिहिला. तिचे पहिलेच विधान होते की कलम ८(१)(ञ) मध्ये आता सार्वजनिक हिताची कसोटी उरलेली नाही, आणि तळटिपेत मूळ अधिनियम, कलम, खंड, सगळे नीटनेटके. पुढे चार पानांवर तिने माहिती आयोगाचा त्याच वर्षीचा एक निर्णय उद्धृत केला होता आणि त्यात आयोग 'अकारण आक्रमण' हे शब्द लावून निकाल देत होता. म्हणजे तिच्या म्हणण्यानुसार जे शब्द कायद्यात नव्हते, ते आयोग लागू करत होता. तिने त्यावर टीकाही केली होती, की आयोग दुरुस्तीकडे डोळेझाक करतो आहे.

चूक आयोगाची नव्हती. २०२३ चा अधिनियम ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने झाला खरा, पण त्याच्या कलम १(२) नुसार केंद्र सरकार अधिसूचनेने नेमून देईल त्या तारखेपासून तो अमलात यायचा होता, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा नेमता येत होत्या. कलम ४४(३) प्रत्यक्ष अमलात आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधली सव्वादोन वर्षे नवा खंड (ञ) राजपत्रात छापलेला होता, पण लागू नव्हता. विद्यार्थिनीने जिथून मजकूर उतरवला त्या खासगी संकेतस्थळाने दुरुस्ती मूळ कायद्यात आधीच मिसळून टाकली होती आणि अंमलाच्या तारखेबद्दल चकार शब्द नव्हता.

याला उपाय अवघड नाही, फक्त सवयीचा भाग आहे. दुरुस्ती अधिनियम सापडला की त्याचे कलम १ आधी वाचावे. तो लगेच लागू होतो की अधिसूचनेवर सोडला आहे, हे तिथेच कळते. अधिसूचनेवर सोडला असेल तर ती अधिसूचना हातात येईपर्यंत दुरुस्त मजकूर 'कायदा' म्हणून लिहू नये. इंडिया कोड या केंद्र सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर एकत्रित मजकुराखाली बारीक टिपा असतात: `Subs.` म्हणजे बदललेले, `Ins.` म्हणजे नव्याने घातलेले, आणि `w.e.f.` पुढे अंमलाची तारीख. बहुतेक विद्यार्थी वरचा मजकूर उचलतात आणि या टिपा सोडून देतात. खरे तर तळटिपेला जे लागते ते सगळे तिथेच असते.

तिची तळटीप आम्ही अशी केली:

'माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ (२००५ चा २२), कलम ८(१)(ञ), डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ (२०२३ चा २२) याच्या कलम ४४(३) ने बदलले जाण्यापूर्वी होते तसे.'

लांब वाटते, पण पहिल्या उल्लेखात एकदाच लिहायची. पुढे 'जुना खंड (ञ)' आणि 'नवा खंड (ञ)' असे म्हणायचे, हे तिथेच सांगून टाकावे. दोन्ही अधिनियमांचा क्रमांक २२ आहे, तेव्हा नुसते 'अधिनियम क्र. २२' लिहून भागत नाही, वर्ष हवेच. आणि बदल कुठे झाला याचा संदर्भ नेहमी बदल करणाऱ्या कलमाचा द्यावा. काही जण लिहितात 'डेटा संरक्षण अधिनियम, कलम ८(१)(ञ)'. असे कलम त्या अधिनियमात नाहीच.

हीच काळजी निकालांबाबत. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल शासकीय कर्मचाऱ्याच्या सेवाविषयक माहितीसाठी आजही सर्रास उद्धृत होतो. तो जुन्या खंडातल्या सार्वजनिक काम आणि सार्वजनिक हित या शब्दांवर उभा आहे. नव्या खंडाखाली त्याचा आधार घेता येतो का, हा चर्चेचा प्रश्न आहे आणि त्यावर निबंध जरूर लिहावा. पण निकालाच्या शेजारी नवा मजकूर चिकटवून 'न्यायालयाने कलम ८(१)(ञ) चा असा अर्थ लावला' असे लिहिले, तर न्यायालयाने कधी न वाचलेला मजकूर त्याच्या तोंडी घातला जातो.

परंतुकाची गोष्ट तर फारच नाजूक. संसदेविषयीचे ते परंतुक 'कलम ८(१) चे परंतुक' की 'कलम ८(१)(ञ) चे परंतुक'? छापील पानावर ते खंड (ञ) च्या खाली येते, आणि (ञ) हा पोटकलमातला शेवटचाच खंड, म्हणून संदिग्धता. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सुरूपसिंग नाईक प्रकरणात ते खंड (ञ) पुरतेच धरले. तळटिपेत निष्काळजीपणे 'कलम ८(१), परंतुक' लिहिणारा लेखक नकळत दुसरी बाजू घेतो, कारण परंतुक सगळ्या पोटकलमाचे असेल तर एकटा खंड बदलल्याने ते गेले असे सहज म्हणता येणार नाही. तसेच कलम ८(२) मधला सार्वजनिक हिताचा स्वतंत्र तोल दुरुस्तीनंतरही तसाच आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचे 'कसोटी उरली नाही' हे विधान आज लिहिले तरी अपुरेच ठरेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. मराठी पाठात खंड क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ, ञ असे जातात. इंग्रजीतला 'जे' म्हणजे आपला (ञ). पुष्कळ निबंधांत उच्चारावरून (ज) छापलेले मी पाहिले आहे. पण (ज) हा आठवा खंड, तो तपासात अडथळा येण्याविषयी आहे! अक्षर एक चुकले आणि वाचक खासगीपणाऐवजी पोलीस तपासाच्या तरतुदीवर जाऊन पोहोचला.

आता नियमांकडे. येथे दोन प्रश्नांची उत्तरे संदर्भातच मिळाली पाहिजेत: नियम कोणी केले आणि कोणत्या अधिकाराने. माहिती अधिकाराच्या अर्जाला शब्दमर्यादा आहे का, असे विचारले तर केंद्राच्या २०१२ च्या नियमांत साधारणतः ५०० शब्द आहेत आणि महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीने साधारणतः १५० शब्द आले. एका निबंधात मी 'माहितीचा अधिकार नियम, नियम ३' एवढ्यावर महाराष्ट्रातल्या कार्यालयांची चिकित्सा वाचली. लेखकाने केंद्राचा नियम राज्याला लावला होता. दोन्ही नियम मूळ अधिनियमाच्या कलम २७ खाली 'समुचित शासना'ने केलेले, पण शासने दोन. उच्च न्यायालयाचे स्वतःचे नियम तर कलम २८ खाली, सक्षम प्राधिकाऱ्याने केलेले असतात. म्हणून नियमाचा संदर्भ असा असावा:

'माहितीचा अधिकार नियम, २०१२ (केंद्र शासन), नियम ३ व त्याचे परंतुक, मूळ अधिनियमाच्या कलम २७ खाली केलेले, अधिसूचना जी.एस.आर. ६०३(ई), ३१ जुलै २०१२.'

परंतुक मुद्दाम लिहिले आहे. केवळ ५०० पेक्षा जास्त शब्द आहेत म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, असे ते सांगते. ते गाळले तर सूचनेची मनाई होते. 'जी.एस.आर.' आणि 'एस.ओ.' यांची अदलाबदलही करू नये. केंद्रीय राजपत्रात भाग दोन, खंड ३ च्या पोटखंड (एक) मध्ये सर्वसाधारण वैधानिक नियम येतात आणि पोटखंड (दोन) मध्ये वैधानिक आदेश व अधिसूचना. त्यांची क्रमांकमालिका वेगळी, म्हणून क्रमांक बरोबर आणि आद्याक्षरे चुकीची असली की राजपत्रात भलताच कागद हाती लागतो. '(ई)' म्हणजे असाधारण राजपत्र, तेही गाळू नये.

प्रशासकीय कायद्याच्या निबंधात मूळ अधिकाराचे कलम लिहिणे हा उपचार नसतो. नियम अधिकाराबाहेरचा आहे का, हा प्रश्न त्याच कलमावर टिकतो किंवा पडतो. २०१९ च्या दुरुस्तीने (२०१९ चा २४, अंमल २४ ऑक्टोबर २०१९) माहिती आयुक्तांची पाच वर्षांची मुदत कलम १३ व १६ मधून काढून केंद्र सरकार 'विहित' करील तेवढी केली, आणि त्यासाठी कलम २७ मध्ये नवे खंड घातले. तीन वर्षांची मुदत आली ती त्यानंतरच्या २०१९ च्या नियमांनी. 'कायद्याने मुदत तीन वर्षे केली' असे लिहिणारा निबंध नेमका तोच मुद्दा गमावतो ज्यावर टीका व्हायला हवी, कारण संसदेने तीन हा आकडा लिहिलेलाच नाही. शिवाय दुरुस्तीपूर्वी नेमलेल्या आयुक्तांना जुन्याच तरतुदी लागू राहतील असे त्या दुरुस्तीतच म्हटले आहे. त्यामुळे अशा आयुक्ताविषयी आज लिहितानाही जुन्या कलमाचाच संदर्भ द्यावा लागतो.

शासन निर्णय आणि परिपत्रकांना नियमांच्या ओळीत बसवू नये. त्यांचा विभाग, क्रमांक आणि तारीख द्यावी, आणि त्यात कोणत्या कलमाचा अधिकार सांगितला आहे ते पाहावे. काहीच सांगितलेले नसेल तर तेही तळटिपेत नोंदवावे.

आपल्याकडे एक विनंती. यापुढे या पानावर कोणी कलम उद्धृत केले, तर 'अमुक तारखेला होते तसे' एवढे चार शब्द पत्रलेखकाकडून मागून घ्यावेत. ते असते तर त्या दोन वाचकांना पहिल्याच पत्रात कळले असते की ते दोन वेगळ्या कायद्यांबद्दल बोलत आहेत.

आपला,
प्रशासकीय कायद्याचा एक अध्यापक