लोण्याची नसबंदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमूलच्या जुन्या होर्डिंगांवरचा लेख वाचला. चित्रं झकास. पण १९७६ च्या होर्डिंगखाली आपण जे मराठी छापलंत, ‘आम्ही नेहमीच सक्तीची नसबंदी करत आलो आहोत’, ते वाचून नातीने विचारलं, “आबा, लोण्याची नसबंदी कशी करतात?” मला उत्तर देता आलं नाही. आपल्याला येत असल्यास कळवावं.

मूळ इंग्रजी मजकुरात शब्द होता ‘स्टरिलायझेशन’. डेअरीतली भांडी, नळ्या जंतुविरहित करणं म्हणजेही स्टरिलायझेशन आणि माणसाची नसबंदी म्हणजेही स्टरिलायझेशन. वरवर पाहता डेअरीवाला फक्त स्वच्छतेची फुशारकी मारतोय. आणीबाणीत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना, त्या साळसूदपणातच सगळी गंमत होती. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, निर्जंतुकीकरण आणि निर्बीजीकरण, त्यामुळे श्लेष होत नाही. इथवर अनुवादकाचा दोष नाही. दोष पुढचा आहे. दोन अर्थांपैकी एकच ठेवायचा होता तर त्यांनी नेमका लपवलेला ठेवला आणि दर्शनी फेकून दिला! ज्याने तोंडावर बोट ठेवून डोळा मारला होता, त्याला आपण भर चौकात ओरडायला लावलंत.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्या वर्षी शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचा कोटा होता. वडिलांच्या दोन केसेस कमी पडल्या म्हणून पगार अडकला होता. मे महिन्यात आम्ही काकांकडे मुंबईला गेलो, तेव्हा बसमधून वडिलांनी हे होर्डिंग पाहिलं. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण हा शब्द त्यांना सरकारी परिपत्रकांतून चांगलाच पाठ झाला होता. ते खळखळून हसले. मग एकदम गप्प झाले आणि मागच्या बाकावर कोण बसलंय ते वळून पाहिलं. अनुवादात आणायचं होतं ते एवढंच, आधी हसू आणि मग मागे वळून पाहणं. आपलं वाक्य वाचून कुणी मागे वळून पाहणार नाही.

आता ‘मग तुम्हीच करून दाखवा’ असं आपण म्हणणार, म्हणून सांगतो. दर्शनी अर्थ शाबूत ठेवायचा आणि टोमण्याला दुसरीकडे जागा शोधायची. त्या वर्षी ‘सक्ती’ हा शब्द नुसता उच्चारला तरी लोकांना पुढचं कळत होतं. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. तेव्हा ‘आमच्याकडे निर्जंतुकीकरण पहिल्यापासूनच सक्तीचं!’ एवढं पुरे होतं. श्लेष गेला, साळसूदपणा राहिला. आणि खाली बारीक टाइपात टीप: ‘मूळ इंग्रजी शब्द स्टरिलायझेशन, अर्थ निर्जंतुक करणे आणि नसबंदी, दोन्ही. काळ आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचा.’ बस्स. शब्द, त्याचे दोन अर्थ, काळ. ‘यातून मार्मिक विनोद साधला आहे’ वगैरे टिपेत लिहू नये. हसायचं की नाही ते वाचक ठरवील. आणि टीप त्याच चित्राखाली हवी, लेखाच्या शेवटी गोळा करून नको. नातीसाठी ही टीप मला तोंडी द्यावी लागली, आणि पुरवणीचे पैसे मात्र आपण घेतलेत.

उलट, कलकत्त्याच्या संपाच्या वेळचं ‘चोलबे ना, चोलबे ना’ आपण ‘चालणार नाही’ करून टाकलंत. ते तसंच ठेवायचं होतं की! मराठी माणसाला ते समजतं, आणि बंगाली मोर्चा कानात घुमतो तो त्या ‘चोलबे’मुळेच. जिथे टीप हवी तिथे नाही, आणि जिथे अनुवादच नको तिथे केलात.

आणखी एक. अमूलच्या बटरला ‘लोणी’ म्हणू नये. लोणी पांढरं असतं आणि ताकावर येतं. पिवळं, खारट ते बटर. फार तर मस्का म्हणा.

कळावे,
आपला (अजून तरी) वर्गणीदार,
सातारा

ता. क. हल्ली पहिलं पान उघडलं की आत आणखी एक पहिलं पान निघतं. बाहेरचं सगळं जाहिरातीचं, आणि तेही हिंदीतून उचललेल्या मराठीत. तेवढं बाहेरचं पान वगळून अंक टाकायला आमच्या पेपरवाल्याला सांगता येईल का?