बांगड्याची मधली तुकडी

प्रिय बाय,

परवा फोनवर मी रागावले आणि तू फोन ठेवलास. नंतर रात्रभर तुझा रक्ताचा रिपोर्ट डोळ्यांपुढे होता. हिमोग्लोबिन ८.४. बायकांचं निदान १२ तरी असावं म्हणतात. "जेवत नाहीस तू" एवढंच मी दहा वेळा म्हणाले असेन. त्यावर तू म्हणालीस, "शेवटी बसायचं तुम्हीच शिकवलंत ना आई." ते खरं आहे. म्हणून आज जेवणाचं विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

माझ्या माहेरची पंगत तू पाहिली नाहीस. आजी गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. आम्ही पंधरा माणसं. पुरुष पाच, मुलगे तीन, बायका चार आणि आम्ही मुली तिघी. मासेवाली पाटी घेऊन यायची आणि आजी ओट्यावर बसून वाटा ठरवायची. नऊ बांगडे घेतले की एकेकाचे तीन तुकडे व्हायचे : डोकं, मधली तुकडी, शेपटी. नऊ मधल्या तुकड्यांपैकी पाच पुरुषांना, तीन मुलग्यांना आणि नववी आप्पांच्या रात्रीच्या जेवणासाठी शिंक्यावर. आम्हा मुलींना एकेक शेपटी, उरलेल्या शेपट्या मागेल त्या मुलग्याला. डोकी तिखल्यातच राहायची, ती बायकांची. बायका बसेपर्यंत दोन वाजायचे. तोवर तिखलं तळाला गेलेलं असायचं, मग धाकटी काकी त्यात तांब्याभर गरम पाणी ओतायची आणि वर दोन आमसुलं टाकायची. भात मात्र भरपूर असायचा. कुणी उपाशी उठलं असं कधी झालं नाही, म्हणूनच काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही.

आजीला मी वाईट म्हणणार नाही. ती स्वतः डोकं चोखूनच जेवायची, आणि सर्वांत शेवटी. नांगराला जाणाऱ्याला आधी, हा तिचा हिशोब. पण लावणीला दिवसदिवस चिखलात वाकून असायच्या त्या बायकाच, हे तिच्या हिशोबात का आलं नाही कुणास ठाऊक. तिच्या सासूने असंच वाढलं होतं, तिनेही तसंच वाढलं.

आणि मधली तुकडी फुकट नव्हती, हेही तुला सांगायला हवं. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप झाला, थोरले काका घरी येऊन बसले, पगार थांबला. त्या वर्षी बाळामामा दहावीला नापास झाला आणि त्याला एका खानावळीत कामाला धाडलं. सोळा वर्षांचा होता. एसटीत बसताना रडला, तर आप्पा म्हणाले, "बाप्या माणूस रडता काय रे?" तुला जायचंय का, असं त्याला कुणी विचारलं नाही. मी मागे राहून शिकले, कारण मुलीच्या मनीऑर्डरची वाट कुणी पाहत नव्हतं. मामा अजून बांगडा खात नाही. मी एकदा विचारलं तर नुसता हसला.

भरकटले मी. सांगायचं होतं ते बर्फाचं. मे महिन्यात आलीस तेव्हा फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावत बसायचीस. मी घसा बसेल म्हणून ओरडले. परवा उपकेंद्रातल्या नर्सताई म्हणाल्या की अंगात लोह कमी पडलं की अशी ओढ लागते. कुणाला बर्फाची, कुणाला मातीची, कुणाला कच्च्या तांदळाची. ऐकलं आणि मी खुर्चीतच बसून राहिले. मी तेरा वर्षांची असताना कणगीतले तांदूळ मुठीमुठीने चघळायचे. धाकटी काकी पाचव्या महिन्यात न्हाणीघराच्या ओल्या भिंतीची माती खरवडून खायची. आजी आमच्या हातावर फटके मारायची, "घराण्याची लाज काढतां." आमच्या अंगात काही कमी आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तुझ्यावर ओरडले. त्याची मला फार टोचणी लागली आहे.

दुसरी गोष्ट लिहायला अजूनही अवघड जाते. आमच्या घरी चार दिवस पडवीत बसायचं. कुणाची पाळी कधी येते हे पंधराच्या पंधरा माणसांना ठाऊक असायचं, शेजाऱ्यांनाही. पण किती जातं, हे एकदाही कुणी विचारलं नाही. सातव्या-आठव्या दिवशीही मला जात असे, गाठी पडत, ते मी माझ्या सासूला काय, तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही. तुला मी पडवीत कधी बसवलं नाही याचा मला अभिमान वाटायचा. आता वाटतं, पडवी काढली, पण विचारलं मीही नाही. तुला सात दिवसांच्या वर जातं का? तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? मला नाही सांगितलंस तरी चालेल, पण डॉक्टरांना सांग. नुसत्या गोळ्या घेऊन रक्त भरायचं आणि खालून ते जात राहायचं, याला अर्थ नाही. त्यांनी कारण शोधायला हवं.

गोळ्यांचं सांगते, मग थांबते. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नकोस. चहाने लोह अंगी लागत नाही, जेवणावरही तास-दीड तास चहा नको. लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नकोस. पोटात मळमळलं तर बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार, ते एक दिवसाआड द्यायचं ठरवतील. आणि आकडा १२ वर आला की लगेच सोडतात सगळ्या, तिथेच चुकतं. आतला साठा भरायला पुढे तीन महिने लागतात. मी तुझ्या वेळी गरोदर असताना दोन महिन्यांत सोडल्या होत्या. लेक्चर झालं बघ. माफ कर.

तुझ्या रूमवरच्या मुलीने मला सांगितलं की तू तिघींचं करतेस आणि मग ओट्याशी उभी राहून कढईतलंच खातेस. तिथे ना सासू, ना काका, ना पंगत. तू चांगली नोकरी करतेस, गेल्या वर्षी घराची कौलं तुझ्या पैशांनी फेरली, बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आणि तीच मुलगी उभ्याने खाते. माझ्या हातून हे तुझ्यात कधी उतरलं ते मी शोधत असते. मी काही बोललेच नव्हते. तू फक्त मला रोज पाहत होतीस.

परवा बाजारातून तीन बांगडे आणले. मी मधली तुकडी काढून घेतली आणि बाबांच्या बरोबरच बसले. पहिला घास घशाखाली उतरेना. कुणीतरी मागे उभं आहे असं वाटत होतं. बाबांच्या लक्षात आलं असावं, ते स्वतः उठून सोलकढी वाढून घेऊन आले. मग खाल्ली. पूर्ण.

शेजारचा मुलगा गुरुवारी पुण्याला निघतोय. त्याच्याबरोबर आगळ, कुळथाचं पीठ आणि थोडा सुका जवळा देतेय. कुळीथही चांगले, पण मासळीतलं लोह लवकर अंगी लागतं म्हणे, म्हणून जवळा तिघींत वाटलास तरी तुझा वाटा आधी काढून ठेव.

नर्सताईंनी माझंही रक्त तपासलं. १०.१ निघालं. त्या म्हणाल्या, यात नवल नाही, देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५७ जणींचं असंच आहे, आणि तुमचं वय पुढे गेलं म्हणून काही आपोआप भरत नाही. मलाही गोळ्या दिल्या आहेत, पण या वयात कमी का, ते बघायला तालुक्याच्या दवाखान्यात जायचं आहे. तुझी पुढची तपासणी कधी ते कळव, मीही त्याच दिवशी रक्त देईन.

जेवलीस ना?

तुझी,
आई