मालूकाकूंची बांगडी आणि धूमकेतू

वाई,
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय नंदा,

पत्राला उशीर झाला, त्याचं खापर आमच्या ईरावर. बारा वर्षांची भाची, पण सगळ्या वाड्याला तिने गच्चीवर चढवलं.

त्या त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतूचे फोटो तूही पाहिले असशील, लांबलचक शेपटीचे. कोजागिरीला दूध आटवता आटवता आम्ही सगळ्यांनी शोधला. पण एवढ्या टिपूर चांदण्यात तो कसला दिसतोय! कुणाला काही दिसलं नाही आणि विषय संपला. ईराचा मात्र संपला नव्हता. पुढचे चार-पाच दिवस चंद्र रोज उशिरा उगवू लागला, तशी मंगळवारी २२ तारखेला ती माझी १०×५० दुर्बीण घेऊन वर गेली. कोपरं कठड्यावर टेकवली, आधी एका ताऱ्यावर फोकस करून तो टोकदार ठिपका करून घेतला. मग शुक्रापासून वर उजवीकडे, हात लांब केल्यावर वीतभराहून थोडं जास्त, इतक्या अंतरावर दुर्बीण सावकाश फिरवत राहिली. आणि तिथे एक राखाडी पुसट डाग, वरच्या बाजूला जरासा विरत गेलेला.

जोशीकाका बघून म्हणाले, "काचेवर बोट लागलंय कुणाचं तरी." शंका रास्तच होती. ईराने दुर्बीण थोडी हलवली. काचेवरचा डाग असता तर तो दुर्बिणीबरोबर सरकला असता. हा शेजारच्या ताऱ्याला चिकटूनच राहिला. "मग ढग असेल," काका हटेनात.

तेव्हा तिने वहीत गोल काढला, मालूकाकूंची बांगडी ठेवून. दुर्बिणीत दिसणारे चार तारे त्यात मांडले आणि डागाच्या जागी पेन्सिल बोटाने पुसली.

बुधवारी काकू बांगडी मागायला आल्या त्या थेट गच्चीवरच. काकाही आले, मोबाईल चमकवत. ईराने तो बंद करायला लावला आणि सगळ्यांना पंधरा मिनिटं अंधारात बसवलं. (काकांना एवढं गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं!) मग म्हणाली, "डागाकडे रोखून बघू नका, जरा बाजूला बघा." अगं, खरंच! रोखून बघितलं की पुसला जातो आणि नजर किंचित वळवली की उमटतो, कारण अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात, कडेला असतात.

काकूंना दिसला. वहीतल्या चौघा ताऱ्यांना सोडून तो चांगलाच वर सरकला होता. शेपूटही वरच, कारण सूर्य खाली मावळलेला आणि शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला.

काका बराच वेळ दुर्बीण सोडेनात. शेवटी म्हणाले, "फोटोतल्यासारखा काही नाही हो." ते खरंच आहे. फोटोवाले कॅमेऱ्याचं झाकण कितीतरी सेकंद उघडं ठेवतात, डोळ्याला ती सोय नाही.

तेव्हापासून ढग आहेत. काका रोज संध्याकाळी जिन्यात उभे राहून विचारतात, "आज उघडलंय का?" आणि बांगडी अजून ईराकडेच आहे.

तुझी,
सुमा