एका दस्तात एकच अंकपद्धती हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी दस्तऐवजांत देवनागरी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ अलीकडे सर्रास दिसते. खरेदीखते, बक्षीसपत्रे आणि हक्कसोडपत्रे लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली असल्याने ही सरमिसळ केवळ दिसायला वाईट नसून पक्षकारांना महागात पडणारी आहे, हे मी जवळून पाहिले आहे.

माझ्याच हातून गेलेल्या एका खरेदीखतात मिळकतीच्या वर्णनात ‘गट नं. 232/१’ असे छापले गेले. गट क्रमांक संगणकातील जुन्या मसुद्यातून उतरला होता आणि हिस्सा नंतर मराठी कळफलकावरून टाइप झाला होता. वाचून पाहताना ते माझ्याही लक्षात आले नाही, कारण २, ३ आणि ० हे अंक दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखेच दिसतात आणि त्यांच्यावरून नजर सहज घसरते. घात होतो तो एकाच्या अंकाशी. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांचे वळण इतके जवळचे आहे, की आधीचे तीन अंक इंग्रजी वाचणारा माणूस चौथाही इंग्रजीच समजून वाचतो. कर्जप्रकरणात तो हिस्सा नऊ म्हणून नोंदला गेला आणि असा हिस्सा त्या गटात नव्हताच. दस्तातला आकडा मुळात बरोबर होता, तरीही संदिग्धता नको म्हणून चूक दुरुस्ती लेख मागितला गेला. त्यासाठी लिहून देणार आणि लिहून घेणार या दोघांनाही पुन्हा सही-अंगठ्यासाठी यावे लागले. लिहून देणार तोवर परगावी राहायला गेले होते, त्यामुळे कर्ज दोन महिने अडले.

याच दस्तातील रकमेबाबत असा प्रश्न आला नसता, कारण रक्कम आपण आकड्यांत लिहून पुढे ‘अक्षरी रुपये बारा लाख फक्त’ असे लिहितो. गट क्रमांकाला आणि तारखेला अशी राखण नसते. म्हणून तारखेत महिना नेहमी अक्षरी लिहावा, असे माझे मत आहे. ‘दि. ४/७/२०२३’ ऐवजी ‘दि. ४ जुलै २०२३ रोजी’ असे लिहिले, तर दिवस कोणता आणि महिना कोणता ही शंका उरत नाही. मात्र मोटारीचा नोंदणी क्रमांक, पॅन किंवा बँकेचा संकेतांक मूळ कागदावर जसा आहे तसाच, इंग्रजी अक्षर-अंकांसह उतरवला पाहिजे. ती त्या वस्तूची किंवा खात्याची ओळख आहे.

संविधानाने इंग्रजी अंकच सांगितले आहेत, असे मला अनेकदा ऐकवले जाते. संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदातील आंतरराष्ट्रीय अंकांची तरतूद संघराज्याच्या शासकीय कामकाजापुरती आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील मराठी आहे आणि शासन निर्णयांतही देवनागरी अंक वापरले जातात. तेव्हा मराठी दस्तात देवनागरी अंक लिहिण्यात कोणताही संकोच नको.

क्रमवाचक संख्यांची अवस्था याहून वाईट आहे. ‘२३ वा सभेत ठरल्याप्रमाणे’ अशी वाक्ये मी इतिवृत्तांत वाचली आहेत. क्रमवाचक शब्द विशेषणासारखा चालतो, म्हणून ‘२३वा ठराव’, ‘२३वी सभा’, पण ‘२३व्या सभेत’ असेच लिहायला हवे. अंक आणि प्रत्यय यांच्यात जागा सोडली, तर ओळीच्या शेवटी ‘२३’ राहतो आणि ‘व्या’ एकटा खालच्या ओळीत जातो. शिवाय पहिल्या चार संख्यांचे प्रत्यय वेगळे आहेत. ‘४वा’ असे काही नसते, ते ‘४था’ असते. ‘१ल्या’, ‘२ऱ्या’ ही रूपे बरोबर असली तरी डोळ्याला खटकतात, म्हणून दहापर्यंतचे क्रम मी अक्षरीच लिहीत आलो: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या. त्यापुढे अंकाला प्रत्यय जोडून लिहिले की काम भागते.

दस्त छापून झाल्यावर मजकूर न वाचता फक्त अंक शोधत एकदा सगळी पाने पाहावीत. त्यातही १, ४, ५, ६, ७, ८ आणि ९ यांच्याकडे पाहावे, कारण सरमिसळ तेथेच उघडी पडते. पानांचे क्रमांक आणि संगणकाने आपोआप घातलेली तारीखही तपासावी.

आपल्या दैनिकात जमिनीच्या व्यवहारांच्या जाहीर नोटिसा प्रसिद्ध होतात आणि त्यांतील गट क्रमांक वाचूनच लोक हरकत घ्यायची की नाही हे ठरवतात. या नोटिसा छपाईला जाण्यापूर्वी जाहिरात विभागाने त्यांतील अंक एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढे मूळ कागदाशी ताडून पाहावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक, सातारा