मनूला "बोल" म्हणू नकोस

चि. प्रसाद,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू तुतारी एक्स्प्रेसला बसलास त्यानंतर आपले तीन फोन झाले. तिन्ही वेळा पाऊस, भात आणि कुंदाआत्याचा गुडघा. मीही विषय काढला नाही, तूही नाहीस. आता दिवाळीला येतोयस असं स्नेहलने सांगितलं, म्हणून लिहिते. फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज चढतो आणि मग तू "बरं, बरं" म्हणून ठेवतोस.

रागवायला लिहीत नाहीये. एवढंच सांगायचं आहे, की आल्यावर मनूला "बोल" म्हणू नकोस.

दुसऱ्या दिवशीच्या आरतीला मनूच्या शाळेतल्या बाई दर्शनाला आल्या होत्या, ओटीवर वीसेक माणसं होती आणि तू मोदक वर धरून म्हणालास, "आरतीची एक ओळ म्हण, मग देतो." तुला गंमत वाटली असणार. नंतर म्हणालास, "घरात तोंडाचा पट्टा बंद नसतो, आता काय दातखिळी बसली?" मी तिच्या बाजूला होते. तिचे हात फ्रॉकच्या काठाला चिकटले होते, डोळे मोदकावर नव्हते, कुठेच नव्हते. हट्टी पोर पाय आपटते, रडते, पळते. ही लाकडासारखी झाली होती. हट्ट आणि भीती यातला फरक तिथेच दिसत होता. पण तो मलाही गोव्याला जाऊन आल्यावरच कळायला लागला, तुला कुठून कळणार?

बांबोळीच्या इस्पितळात काय झालं ते स्नेहलने तुला सांगितलंच असेल, पण तू ऐकलंस का ठाऊक नाही. आधी कान तपासले, ते ठीक निघाले. मनू तिथे अक्षर बोलली नाही. मग स्नेहलने फोनमधलं चित्रण दाखवलं, त्यात ही कोंबडीच्या मागे "आजये, आजये" करत अंगणभर ओरडत होती. डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, सिलेक्टिव्ह म्युटिझम. म्हणाल्या, पूर्वी याला इलेक्टिव्ह म्हणत, म्हणजे मूल ठरवून गप्प बसतं असा अर्थ व्हायचा. १९९४ मध्ये ते नाव बदललं, कारण मूल ठरवत नाही. भीतीने आवाजच बाहेर येत नाही. शाळेचा पहिला महिना कुठलंही पोर गप्प बसतं, तो धरत नाहीत. आपल्या मनूची अंगणवाडीची दोन वर्षं आणि आता पहिली. आपण लाजाळू लाजाळू म्हणत बसलो. शाळेत ती पाणीही पीत नव्हती, का, तर बाथरूमला जायचं विचारावं लागू नये. चार महिने बाटली भरलेली परत यायची आणि मी म्हणायचे, पोरीला तहानच नाही.

परत येताना एसटीत मला दुसरंच आठवत होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, घरात कोणी फार लाजाळू होतं का? मी पटकन नाही म्हटलं. सावंतवाडी आली तेव्हा तू आठवलास. वाण्याकडे माझ्या पदराआड उभा राहायचास. वाणी विचारायचा, "नाव काय रे?" आणि मी सांगायचे, "प्रसाद." कितवीत आहेस? "दुसरीत," तेही मीच. तू माझ्याकडे बघायचास आणि मी बोलून टाकायचे. मला वाटायचं पोराची सुटका केली. सुटका व्हायचीच, भीती तिथल्या तिथे उतरायची. पण म्हणूनच पुढच्या वेळी तू आणखी घट्ट मागे लपायचास. तू पुढे आपसूक सुटलास, मनू सुटली नाही. तुझा राग तिच्यावर आहे की पदराआडच्या त्या मुलावर, हे मी विचारणार नव्हते. लिहून गेलं, खोडत नाही.

माझंही ऐक. बालवाडीत शिकवत होते तेव्हा खालच्या वाडीतली एक पोर अशीच गप्प असायची. नाव सांगेपर्यंत बस म्हणून मी तिला डबा उघडू दिला नव्हता. तास गेला. तिने नाव सांगितलं नाही, भूकही सांगितली नाही. आजही बाजारात भेटली की ती मान खाली घालून जाते. हातात मोदक दिसला ना तुझ्या, तेव्हा मला तो डबा दिसला. म्हणून मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. ते मात्र चुकलं माझं.

आता शाळेत काय चाललंय ते नीट सांगते, कारण तुला वाटतं आम्ही दोघी तिला नुसती गोंजारतो.

जुलैपासून शाळा सुटली की आठवड्यातून तीन दिवस स्नेहल मनूला रिकाम्या वर्गात नेते. दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. पहिले दिवस दार बंद, दोघीच सापशिडी खेळायच्या. पहिल्या दिवशी मनू कुजबुजली, तिसऱ्या दिवशी सापाने गिळल्यावर घरच्यासारखी किंचाळली. त्या वर्गात तिचा आवाज पहिल्यांदा तेव्हा फुटला. मग दार थोडं उघडं आणि बाई व्हरांड्याच्या टोकाला. मग बाई दाराशी, पाठ करून. मग आत टेबलाशी वह्या तपासत, मान वर न करता. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. माणूस बदललं तर जागा तीच आणि खेळ तोच. आवाज आहे तसा राहिला तरच पुढे. आवाज बारीक झाला, खांदे वर गेले, आईच्या कानाशी तोंड गेलं, की पायरी उंच पडली म्हणायची आणि एक खाली यायचं. खेळ बंद करायचा नाही. बंद केला तर गप्प बसलं की सुटका, हेच ती शिकणार.

कानात सांगण्याचं विशेष. ती स्नेहलच्या कानात सांगायची आणि स्नेहल बाईंना सांगायची. वाटतं बरं, पण त्यात दुभाषी तयार होतो आणि मूल तिथेच थांबतं. तेव्हा स्नेहल आता थोडी लांब बसते, मनूला हळू का होईना, पण हवेत बोलावं लागतं.

बाई जवळ आल्यावर गप्पा मारायच्या नव्हत्या, आकडे मोजायचे होते. मनू एक, आई दोन, मनू तीन. आकड्यात काही सुचावं लागत नाही, चुकायचीही भीती नाही. ते जमल्यावर बाईंनी तिसरा आकडा घ्यायचा. ऑगस्टच्या शेवटी तिघींनी वीसपर्यंत मोजलं! त्याआधी एकदा घोटाळा झाला होता. मनूचा "पाच" ऐकून बाई आनंदाने टाळ्या वाजवत ओरडल्या, "अगं बोलली!" झालं, पुढचा आठवडा शांत. बोलण्याचा गाजावाजा झाला की पुढच्या वेळी सगळे वाट बघणार, हे पोराला कळतं. आता बाई नुसतं "सहा" म्हणून पुढे जातात.

आणि मग गणपती आले. तुझ्यावर ढकलत नाही, पण बाई त्या ओटीवर होत्या रे. सप्टेंबरमध्ये वर्गात बाई आत आल्या की मनूचं तोंड मिटायचं. स्नेहलने पुन्हा दार लावून सापशिडीपासून सुरू केलं. पहिल्या वेळेला जे दोन महिने लागले ते या वेळी तीन आठवड्यांत झालं, म्हणजे मोडलं तरी सगळं वाहून जात नाही. दसऱ्याच्या आधी आई खुर्ची मागे घेत घेत दाराबाहेर गेली आणि मनू आणि बाई दोघीच मोजत राहिल्या. आता बाई विचारतात, "लाल सोंगटी की हिरवी?" हो-नाहीचा प्रश्न नाही, त्याला मान हलवून भागतं. "कसं वाटलं?" असाही नाही, तो फार मोठा. विचारून झालं की बाई मनात पाचपर्यंत मोजतात आणि थांबतात. आपल्याला दोन आकड्यांतच राहवत नाही. करून बघ. परवा चौथ्या आकड्याला "हिरवी" आलं.

भर वर्गात ती अजून बोलत नाही. हजेरीला हात वर करते, बाईंना ते चालतं. कविता स्नेहल घरी फोनवर घेते आणि बाईंना ऐकवते. दिवाळीनंतर त्या खेळात वर्गातली सई येणार, एकटीच. मग आणखी एक. जूनमध्ये तिला डोंबिवलीच्या शाळेत घालायचं तू म्हणतोस. तुझा संसार आहे, मी आड येत नाही. पण इथे बाईंशी बोलली म्हणजे तिथेही बोलेल असं धरू नकोस. तिथली बाई नवी, वर्ग नवा, पन्नास पोरं. शाळा उघडण्याआधी रिकाम्या वर्गात नेऊ देतील का, हे आधी विचार, फी नंतर. बघ, सांगायचं नाही म्हणत सांगितलंच.

मला रात्री झोप लागत नाही ते शाळेमुळे नाही. गणपतीनंतर ती तुझ्याशी बोललेली नाही. व्हिडिओत तू दिसलास की ती मोरीकडे जाते, स्नेहल म्हणते झोप आलीय, आणि तू तिकडून "मनू, बोल ना बाबाशी" म्हणतोस. नको म्हणूस रे. ती तुझ्यावर रुसलेली नाही. तुझं तोंड दिसलं की तिला वीस माणसं दिसतात. जे बाईंचं, तेच आता तुझं करायचं.

आल्यावर मिठीची वाट बघू नकोस. पडवीत बस, कंदिलाच्या काड्या घे आणि बांधायला लाग. ती येईल. ती काय करते ते बोलत राहा, "निळा कागद घेतलास, खळ जास्त झाली," एवढंच. प्रश्न नको. पहिला दिवस असाच गेला तरी जाऊ दे. कोणी पाहुणा आला आणि "नाव काय गं?" म्हणाला, तर तू सांगून टाकू नकोस, वाटही बघत बसू नकोस, थोडं थांब आणि विषय बदल.

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी मोबाईल चुलीशेजारी फळीवर छताकडे तोंड करून ठेवला होता. तू म्हणालास, आई, काही दिसत नाही. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. मनू माझ्याजवळ पावटे सोलत होती आणि मोजत होती. सतरा, अठरा, एकोणीस. तू मध्येच गप्प झालास. ऐकू आलं ना तुला? उद्या साडेसातला पुन्हा तिथेच ठेवते. कॅमेरा लावू नकोस, आणि "वीस" तू म्हणू नकोस अजून.

तुझी आई